इम्पोर्टेड पाकिटाच्या न्यूट्रिशन पॅनलचा फोटो: आकडे आपल्या बाऊलला कसे लावायचे

बाहेरच्या देशातून आलेलं पाकीट हातात आलं की बहुतेक जण मागच्या चौकटीचा पटकन एक फोटो काढतात, नंतर निवांत बघू म्हणून, आणि नंतर बघताना नेमका तोच भाग कापला गेलेला असतो ज्याच्यावर सगळं गणित उभं आहे. म्हणून फोटोपासूनच सुरू करतो. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय, अमेरिकन ग्रॅनोलाचं पाकीट, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बनवलेत पण खऱ्या पॅनलवर असतात त्याच धाटणीचे आहेत. पुढे त्याच्या शेजारी एक युरोपातलं पाकीट पण ठेवू, कारण खरी गंमत (आणि खरा घोळ) तिथे आहे.

फोटो काढताना

चौकट पूर्ण यायला हवी, म्हणजे अगदी वरची सर्व्हिंग साइजची ओळ आणि कॉलमच्या डोक्यावर काय लिहिलंय ते सुद्धा. नुसते आकडे आले आणि ते १०० ग्रॅमचे की एका सर्व्हिंगचे हे आलं नाही तर तो फोटो काही कामाचा नाही. फ्लॅश बंद ठेवा, चकचकीत पाकिटावर नेमका चांगल्या आकड्यावर पांढरा डाग पडतो, त्यापेक्षा खिडकीजवळ बाजूने उजेड घेऊन पाकीट सपाट दाबून धरा. गोल बरणी असेल तर एका फोटोत कडेचे आकडे दबतात, तेव्हा बरणी फिरवत दोन-तीन फोटो घ्या आणि प्रत्येकात आधीच्या फोटोतली एखादी ओळ येऊ द्या, म्हणजे कुठली ओळ कुठल्या आकड्याची ते जुळवता येतं.

मग अजून दोन फोटो. एक पाकिटाच्या पुढच्या बाजूवरच्या निव्वळ वजनाचा, आणि एक घटकांच्या यादीचा. निव्वळ वजन का लागतं ते खाली कळेलच.

फोनने फोटोतला मजकूर वाचून दिला तर छानच, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. ग्रॅमसाठीचं छोटं इंग्रजी अक्षर त्याला ९ वाटतं, म्हणजे "० ग्रॅम"चं "०९" होतं. युरोपात दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, तो फोटोत पुसट आला की २,१ चं सरळ २१ होऊन बसतं. आणि "१ ग्रॅमपेक्षा कमी" असं दाखवणारं ते टोकदार चिन्ह गायब होऊन नुसता १ उरतो. या चुका पकडायची युक्ती पुढे आहे.

आधी हे बघा की पॅनल कुठल्या पद्धतीचा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. कॅलरीचा आकडा सगळ्यात ठळक आणि उजवीकडे टक्क्यांचा एक कॉलम, वरती सर्व्हिंग साइज, तर तो अमेरिकन, आणि त्यातले सगळे आकडे एका सर्व्हिंगचे. पहिली ओळ किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्हीत, कॉलम १०० ग्रॅम किंवा १०० मिलीचा, आणि सोडियमच्या जागी मीठ, तर युरोपियन पद्धत. ऑस्ट्रेलियाच्या पाकिटावर सर्व्हिंग आणि १०० ग्रॅम असे दोन्ही कॉलम शेजारी शेजारी मिळतात, एनर्जी किलोज्यूलमध्ये, आणि टक्के दिले असतील तर ते ८७०० किलोज्यूलच्या दिवसावर. चिनी पाकिटावर पण किलोज्यूलच, तिथे तर टक्के बऱ्याचदा १०० ग्रॅमवर काढलेले असतात. जपानी पॅनल कधी १०० ग्रॅमचा, कधी एका पिशवीचा, कधी एका नगाचा असतो, त्यामुळे तिथे सगळ्यात वरची ओळ भाषांतर करून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

किलोज्यूल बघून दचकायचं कारण नाही. ४.२ ने भागलं की किलोकॅलरी. आणि अमेरिकन पाकिटावर नुसतं "कॅलरीज" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ किलोकॅलरीच असतो, त्याला परत हजाराने गुणायचं-भागायचं काही नाही.

सर्व्हिंग: इथेच सगळं चुकतं

आता आपलं पाकीट. पुढे वजन लिहिलंय १२ औंस, ३४० ग्रॅम. मागे पॅनलवर: अंदाजे ६ सर्व्हिंग, सर्व्हिंग साइज दोन तृतीयांश कप, कंसात ६० ग्रॅम. एका सर्व्हिंगला २७० कॅलरी, फॅट ९ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड दीड ग्रॅम, सोडियम १३० मिलिग्रॅम, कार्ब ४२ ग्रॅम, त्यात फायबर ५ आणि साखर १३, त्या तेरामधली १२ वरून घातलेली, प्रोटीन ६ ग्रॅम.

कप विसरा, कंसातले ६० ग्रॅम धरा. लेबलवरचा कप म्हणजे २४० मिलीचं माप, आणि ग्रॅनोलासारख्या वस्तूत तो हलवून भरला, दाबून भरला की वजन बदलतं, शिवाय तुमच्या घरातला कप त्या मापाचा असेलच असं नाही. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखेच.

दुसरं म्हणजे सर्व्हिंग साइज हा सल्ला नाही. अमेरिकेत ती लोक साधारण एका वेळी किती खातात त्याच्या सरकारी मापावरून ठरते, एवढंच खा असं त्यात कोणी सांगत नाही. युरोपात तर पाकिटावर "एक पोर्शन" म्हणून जे लिहितात ते बहुतेक वेळा कंपनीच ठरवते, त्यामुळे एकाच प्रकारच्या वस्तूला एकीकडे ३० ग्रॅम आणि दुसरीकडे ६० ग्रॅम असं सर्रास दिसतं.

तर आता नेहमीच्या बाऊलमध्ये नेहमीसारखं ओता, हात न आखडता, आणि मग वजन करा. किचनमधला साधा डिजिटल काटा पुरतो, रिकामा बाऊल ठेवून शून्य करायचा आणि ओतायचं. समजा ९५ ग्रॅम भरलं. मग तुमची सर्व्हिंग म्हणजे ९५ भागिले ६०, साधारण १.५८. हा एकच आकडा लिहून ठेवा, याला आपण गुणक म्हणू, पॅनलवरच्या प्रत्येक ओळीला याने गुणायचं की झालं.

२७० × ९५ ÷ ६० = ४२७.५, म्हणजे ४३० धरा. घातलेली साखर १२ ची १९ ग्रॅम. सोडियम १३० चं साधारण २०५ मिलिग्रॅम. फायबर ५ चं जवळजवळ ८ ग्रॅम, हे चांगलंच झालं.

काटा नसेल तर निव्वळ वजन कामाला येतं. पाकीट सारख्या बाऊलने किती वेळात संपतं ते मोजा. ३४० ग्रॅमचं पाकीट साडेतीन बाऊलमध्ये संपलं तर एक बाऊल साधारण ९७ ग्रॅमचा. मात्र इथे पॅनलवरच्या "अंदाजे ६ सर्व्हिंग"वर जाऊ नका, ३४० भागिले ६० हे ५.६७ येतं, सर्व्हिंग पाचपेक्षा जास्त असल्या की पूर्णांकात लिहायची मुभा असते म्हणून त्यांनी ६ लिहिलंय. पूर्ण पाकिटाच्या कॅलरी २७० × ६ करून १६२० काढल्या तर ९० जास्तीच्या धरल्या जातात, वजनावरून काढल्या तर १५३० येतात. सर्व्हिंग जेवढ्या कमी तेवढा हा फरक जाणवतो, त्यामुळे नेहमी वजनावरूनच.

अमेरिकन सीरियलच्या पॅनलवर कधी दोन कॉलम असतात, एक नुसत्या सीरियलचा आणि एक पाऊण कप स्किम दुधासकट. दुसरा वापरू नका, तुमचं दूध स्किम नसेल किंवा पाऊण कप नसेल तर तो आकडा तुमचा नाहीच. नुसत्या सीरियलचा कॉलम घ्या आणि दूध वेगळं मिळवा. सूप, नूडल्स, केकचं मिक्स यांच्यावर पण "पाकिटात आहे तसं" आणि "तयार केल्यावर" असे दोन कॉलम येतात, तिथे तयार केल्यावरच्या कॉलममध्ये त्यांनी सांगितलेलं बटर, अंडी, दूध सगळं धरलेलं असतं.

आकडे बरोबर वाचले का? चार-चार-नऊ

ही युक्ती प्रत्येक फोटोवर करा, अर्धा मिनिट लागतो. कार्बला ४, प्रोटीनला ४, फॅटला ९ ने गुणा आणि बेरीज करा. आपल्या पाकिटात १६८ + २४ + ८१ = २७३. पॅनल म्हणतो २७०. जुळलं. अमेरिकेत ५० च्या वरच्या कॅलरी जवळच्या दहाला बसवून लिहितात, त्यामुळे पाच-दहाचा फरक म्हणजे काहीच नाही.

आता समजा फोटो तिरका होता आणि फोनने २७० चं २१० वाचलं. बेरीज २७३ येते आणि आकडा २१० दिसतो, साठचा फरक, म्हणजे कुठेतरी वाचण्यात गडबड, परत फोटो मोठा करून बघा. तसंच सॅच्युरेटेड फॅट कधीच एकूण फॅटपेक्षा जास्त असू शकत नाही, साखर कधीच कार्बपेक्षा जास्त असू शकत नाही. १०० ग्रॅमच्या पॅनलवर एकूण फॅट १६ आणि त्यातलं सॅच्युरेटेड २१ असं दिसलं की समजायचं, स्वल्पविराम गेला, ते २,१ आहे.

काही पाकिटांवर ही बेरीज मुद्दामच जुळत नाही. भरपूर फायबर असेल, किंवा एरिथ्रिटॉल, ॲल्युलोज असले गोड पदार्थ घातलेले असतील तर अमेरिकन पॅनलवर ते कार्बच्या ओळीत मोजले जातात पण त्यांची ऊर्जा ४ पेक्षा खूप कमी, त्यामुळे बेरीज पॅनलपेक्षा बरीच जास्त येते. कमी कार्बचे म्हणून विकले जाणारे प्रोटीन बार घेतले की हे हमखास दिसतं. घटकांच्या यादीचा फोटो त्यासाठी, यादीत ही नावं सापडली तर फोटोला दोष देऊ नका. उलट बेरीज पॅनलपेक्षा कमी आली आणि वस्तूत अल्कोहोल असेल तर त्याचे ग्रॅमला ७ धरायचे राहिलेत.

टक्के

आता मुख्य भानगड. आपल्या पॅनलवर कार्बपुढे १५% लिहिलंय. नवीन माणूस हे वाचतो की या ग्रॅनोलात १५ टक्के कार्ब आहे. अजिबात नाही! ६० ग्रॅममध्ये ४२ ग्रॅम, म्हणजे ७० टक्के कार्ब आहे. ते १५% म्हणजे दिवसभराच्या २७५ ग्रॅमच्या हिशोबातले ४२. प्रत्येक ओळीला आपापला दिवसाचा आकडा आहे, अमेरिकेत फॅट ७८ ग्रॅम, सॅच्युरेटेड २०, सोडियम २३०० मिलिग्रॅम, कार्ब २७५, फायबर २८, घातलेली साखर ५०. म्हणून हे टक्के एकमेकांत मिळवायचे नसतात, बेरीज १०० व्हायची अपेक्षा पण ठेवायची नाही. आणि कॅलरीपुढे टक्के छापतच नाहीत, ते तुम्हाला स्वतः काढायचे.

यातले काही आकडे गाठायचे आहेत आणि काही ओलांडायचे नाहीत, पण छापताना सगळे एका रांगेत सारखेच छापतात. फायबर, कॅल्शियम, लोह, पोटॅशियम जेवढं १०० कडे जाईल तेवढं बरं. सोडियम, सॅच्युरेटेड फॅट, घातलेली साखर यांचे १०० म्हणजे कुंपण. ५% किंवा कमी म्हणजे कमी, २०% किंवा जास्त म्हणजे जास्त, असा अमेरिकन सरकारचाच ढोबळ नियम आहे आणि तो पटकन बघायला बरा आहे, फक्त तो त्यांच्या सर्व्हिंगला लागू आहे, तुमच्या बाऊलला लावायचा तर आधी गुणक लावा. पॅनलवर फायबर १८%, म्हणजे "जास्त"च्या जरा खाली, पण ९५ ग्रॅमला ते २८% होतं. घातलेली साखर २४% ची ३८% होते. सोडियम ६% चं ९-१०%, तरी ठीकच.

आता शेजारी युरोपियन ग्रॅनोला ठेवा. पॅनल १०० ग्रॅमचा: १८४६ किलोज्यूल म्हणजे ४४० किलोकॅलरी, फॅट १६, सॅच्युरेटेड २,१, कार्ब ६०, साखर १९, फायबर ८, प्रोटीन १०, मीठ ०,५० ग्रॅम. खाली छोट्या अक्षरात ४५ ग्रॅमच्या पोर्शनला १९८ किलोकॅलरी, आणि पोर्शनच्या साखरेपुढे १०%.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून वरवर बघितलं तर युरोपियन पाकीट एकदम हलकं वाटतं. तिकडे २७०, इकडे १९८. तिकडे साखर २४%, इकडे १०%. तिकडे कार्ब ७० टक्के, इकडे ६०. माणूस लगेच ठरवून मोकळा होतो.

एकेक करून सोडवू. कॅलरीसाठी दोन्ही १०० ग्रॅमवर आणा, अमेरिकन २७० × १०० ÷ ६० = ४५०, युरोपियन ४४०. म्हणजे फरक नाहीच, फक्त पोर्शन लहान होतं.

कार्बचा फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. अमेरिकन पॅनलवर कार्बच्या आकड्यात फायबर धरलेलं असतं, युरोपियनवर फायबर बाहेर काढून वेगळ्या ओळीत असतं. अमेरिकन ७० मधून फायबरचे ८.३ वजा केले की ६१.७ राहतात, आणि युरोपियन ६०. परत सारखंच. कार्ब मोजून खाणाऱ्यांनी, डायबिटीस असणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण सवयीने युरोपियन पॅनलवरच्या कार्बमधून सुद्धा फायबर वजा केलं तर ते दोनदा वजा होतं आणि कार्ब खऱ्यापेक्षा कमी धरले जातात.

साखर सगळ्यात फसवी. अमेरिकन २४% हे घातलेल्या साखरेचे, ५० ग्रॅमच्या मर्यादेवर. युरोपियन १०% हे एकूण साखरेचे, ९० ग्रॅमच्या संदर्भावर, आणि वरून पोर्शन ४५ ग्रॅमचं. तीन गोष्टी बदलल्या आणि टक्के मात्र तसेच टक्के दिसतायत. त्यांच्या ४५ ग्रॅममध्ये साखर साधारण साडेआठ ग्रॅम. १०० ग्रॅमवर बघितलं तर एकूण साखर अमेरिकनमध्ये २१.७ आणि युरोपियनमध्ये १९, म्हणजे युरोपियन थोडं बरं, पण चोवीस विरुद्ध दहा असलं काही नाही. युरोपियन पॅनलवर घातलेली साखर वेगळी देणं बंधनकारक नाही, त्यामुळे १९ पैकी किती मनुका-खजुरातली आणि किती वरून घातलेली हे पॅनलवरून कळत नाही, घटकांची यादी बघून अंदाज घ्यायचा. साखर, ग्लुकोज सिरप, मध यादीत वरच्या तीन-चार जागांवर असेल तर मोठा वाटा त्याचाच, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते.

मिठाचं सोपं आहे. युरोपियन मीठ ०,५० ग्रॅम, त्याला २.५ ने भागा, सोडियम ०.२ ग्रॅम म्हणजे २०० मिलिग्रॅम. अमेरिकन सोडियम १०० ग्रॅमला २१७ मिलिग्रॅम. उलट जायचं तर सोडियमला २.५ ने गुणा.

थोडक्यात दोन देशांचे टक्के एकमेकांशी कधीच लावू नका. ग्रॅम आणि मिलिग्रॅम १०० ग्रॅमवर आणून लावा. तुलना झाली की परत आपल्या बाऊलच्या वजनाला या.

२००० कॅलरी तुमच्या नसतील तर

फॅट, कार्ब, घातलेली साखर यांचे दिवसाचे आकडे २००० कॅलरीच्या दिवसावरून काढलेत. तो छापायला सोयीचा आकडा आहे, तुमची गरज नाही. डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी तुम्हाला १६०० सांगितल्या असतील तर आपला ४३० चा बाऊल दिवसाच्या २१ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर जातो. साखरेची मर्यादा कॅलरीच्या दहा टक्के या हिशोबाने येते, म्हणून ती ५० ची ४० ग्रॅम होते, आणि १९ ग्रॅम म्हणजे ३८% ऐवजी ४८%. जवळजवळ अर्धी मर्यादा नाश्त्यालाच संपली.

पण सगळ्याच ओळी अशा ताणायच्या नाहीत. जिममध्ये जाणाऱ्या, ३००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने सोडियमची मर्यादा दीडपट करून घेतली असं करू नये, ती कॅलरीबरोबर वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सांगते, अमेरिकन लेबलवरच्या २३०० पेक्षा कमीच, त्यामुळे लेबलवर ६% दिसलं की मनात साडेसहा धरायला हरकत नाही. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम यांचे आकडे पण कॅलरीवर अवलंबून नसतात. आणि हे सगळे टक्के प्रौढ आणि चार वर्षांवरच्या मुलांसाठी आहेत, दीड-दोन वर्षांच्या बाळाला मोठ्यांच्या पाकिटावरचे टक्के लावायचे नाहीत. किडनीचा, बीपीचा आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सोडियम-पोटॅशियमचा आकडा खरा, छापील टक्के बाजूला ठेवा आणि थेट मिलिग्रॅम मोजा.

फोटो ऑनलाइन लिस्टिंगवरचा असेल तर

पाकीट हातात नाही, विकणाऱ्याने टाकलेला फोटो आहे, तर तो जुना असायची शक्यता बरीच. अमेरिकेचा पॅनल २०१६ च्या नियमाने बदलला आणि मोठ्या कंपन्यांना २०२० पासून, छोट्यांना २०२१ पासून तो लागू झाला. जुन्या पॅनलवर "फॅटमधून आलेल्या कॅलरी" अशी ओळ असते, व्हिटॅमिन ए आणि सी असतात, घातलेल्या साखरेची ओळ नसते. फोटो कापलेला असेल आणि यातलं काही दिसत नसेल तरी ओळखता येतं: फॅटचे ग्रॅम त्याच्या टक्क्यांनी भागून शंभराने गुणा. ९ ग्रॅमपुढे १२% असेल तर ७५ येतं, राउंडिंग सोडलं तर हा नवीन ७८ च्या जवळ. ९ ग्रॅमपुढे १४% असेल तर ६४ येतं, आणि जुना आकडा ६५ होता, म्हणजे फोटो जुना. तेव्हाच्या सर्व्हिंग साइज पण काही वस्तूंच्या वेगळ्या होत्या आणि मधल्या काळात रेसिपीही बदललेली असू शकते, त्यामुळे असा फोटो बघून हिशोब करण्यात अर्थ नाही, पाकीट आल्यावर परत फोटो काढा.

मूळ पॅनलवर दुसऱ्या भाषेतलं स्टिकर चिकटवलेलं असेल तर दोन्ही दिसतील असा फोटो घ्या. स्टिकर १०० ग्रॅमचं आणि मूळ पॅनल सर्व्हिंगचा असेल तर आकडे वेगळे दिसणारच, ६० ग्रॅमने भागून शंभराने गुणून बघा, जुळायला हवेत.

शून्य

गुणकाची एक मर्यादा आहे आणि ती शून्यापाशी आहे. अमेरिकेत सर्व्हिंगला ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर ० लिहिता येतं, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असेल तर ०, ट्रान्स फॅट आणि साखरेचंही तसंच. आणि शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. कुकिंग स्प्रेचा डबा हे त्याचं ठरलेलं उदाहरण: सर्व्हिंग पाव ग्रॅम, कॅलरी ०, फॅट ०, आणि आत जवळजवळ निव्वळ तेल. तवाभर स्प्रे मारताना ५ ग्रॅम गेलं तर त्या साधारण ४५ कॅलरी झाल्या, पॅनल मात्र शून्यावर ठाम. तेव्हा सर्व्हिंग एक-दोन ग्रॅमची किंवा त्याहून कमी दिसली की शून्यांवर विश्वास न ठेवता घटकांची यादी उघडा. पहिलाच घटक तेल असेल तर ग्रॅमला ९ धरा, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ४. ट्रान्स फॅटसाठी यादीत "पार्शियली हायड्रोजनेटेड" तेल शोधा, अमेरिकेत ते आता वापरू देत नाहीत, पण जुन्या पाकिटावर दिसलं तर समोरचा ० म्हणजे फक्त "अर्ध्या ग्रॅमच्या आत", आणि तीन-चार सर्व्हिंग खाल्ल्या तर एक-दीड ग्रॅमही होऊ शकतं.

एवढं सगळं करून ४२७.५ लिहायचं की ४३०? ४३० च लिहा. अमेरिकेत कॅलरी, फॅट, सोडियम, घातलेली साखर यांचा लॅबमध्ये मोजलेला आकडा छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाला तरी नियमात बसतो, म्हणजे तुमचे ४३० खरं तर ५०० च्या आसपास पण असू शकतात. दशांशात जीव गुंतवण्यापेक्षा बाऊलचं वजन आठवड्यातून एकदा परत करून बघा, कारण पाकीट संपत आलं की तळाचा चुरा त्याच बाऊलमध्ये जास्त दाटीने बसतो आणि ९५ चे ११५ ग्रॅम कधी झाले ते कळत पण नाही.